टीव्हीला कॉम्प्युटर जोडल्यावर चारही कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो

सायली_कु | शनि., सकाळी १०:१२

बाबा एका पतसंस्थेचे हिशेब घरून बघतात. नजर कमी झाल्यामुळे त्यांना मोठा पडदा हवा होता, म्हणून घरातलाच ४३ इंची फुल एचडी टीव्ही एचडीएमआय केबलनं डेस्कटॉपला जोडला. विंडोज १० आहे. चित्र आलं, आवाज आला, पण चित्राच्या चारही कडा गायब आहेत. खाली टास्कबारची नुसती वरची पट्टी दिसते, घड्याळाचे आकडे कापलेले. विंडो मोठी केली की उजव्या कोपऱ्यातली फुली पूर्ण बाहेर जाते, मग बाबा Alt+F4 दाबून बंद करतात. एक्सेलमध्ये डावीकडचे ओळींचे क्रमांकच दिसत नाहीत, आणि हिशेबात तेच तर सारखे बघावे लागतात.

विंडोजच्या सेटिंगमध्ये 1920 × 1080 (Recommended) असंच दिसतंय. केबल बदलून झाली, फरक नाही. टीव्ही खराब आहे की कॉम्प्युटर?

---

अभि_सांगली | १०:३१

दोन्ही ठीक आहेत ताई, रिझोल्यूशन चुकलंय. 1360 × 768 करा. माझ्या ३२ इंचीवर अगदी हाच प्रकार होता, हे केल्यावर चारही बाजू एका झटक्यात आल्या. वर्षभर तसाच वापरतोय, काही त्रास नाही.

---

सायली_कु | १०:५४

अभि, करून पाहिलं. कडा खरंच आल्या! पण अक्षरं जाड आणि फिसकटलेली दिसताहेत. एक्सेलमध्ये ३ आणि ८ यांत फरक कळत नाही. बाबा म्हणाले, आधीचंच बरं होतं. हिशेबाला हे चालणार नाही.

---

पिक्चरट्यूब | ११:४०

सायलीताई, परत 1920 × 1080 वर या. ते बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

आधी एक छोटी खात्री करून घ्या. कीबोर्डवरचं PrtSc दाबा, पेंट उघडून तिथे चिकटवा आणि खाली-वर सरकवून बघा. त्या चित्रात अख्खा टास्कबार आणि कोपऱ्यातली फुली दिसत असेल, तर कॉम्प्युटर पूर्ण चित्र पाठवतोय आणि टीव्ही ते कापतोय. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. बिघाड नाही, टीव्ही मुद्दाम तसं करतो.

मी टीव्ही दुरुस्तीत आलो तेव्हा सगळे काचेच्या ट्यूबचे सेट होते. त्यात चित्राचा आकार विजेच्या दाबाबरोबर कमीजास्त व्हायचा, आणि सेट जुना झाला की कडा वाकड्या व्हायच्या. चित्र आकसून बाजूला काळी पट्टी दिसू नये म्हणून ते पडद्यापेक्षा थोडं मोठंच पाडत, कडेचा भाग चौकटीमागे जाई. वाहिन्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून बातम्यांच्या पट्ट्या आणि नावं कडेपासून आत ठेवायची पद्धत पडली. एलसीडीत ठिपके जागच्या जागी बसवलेले असतात, तिथे याची काही गरज नाही. तरी सवय उरली. टीव्ही आलेल्या चित्राच्या कडा छाटतो आणि उरलेला भाग ताणून पडदाभर करतो. क्रिकेट बघताना कळतही नाही. कॉम्प्युटरवर मात्र कामाच्या सगळ्या गोष्टी नेमक्या कडेलाच असतात.

टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकाराचं सेटिंग असतं, इलाज तिथेच आहे. तुमच्या सेटला त्या जागी कोणकोणते पर्याय दिसतात ते लिहा.

---

नीलांबरी_घाटपांडे | १२:०५

माझंही हेच झालंय! लॅपटॉप टीव्हीला लावला की चित्राभोवती चारही बाजूंनी बोटभर काळी चौकट येते. टीव्हीत सगळे आकार फिरवून पाहिले, चौकट जात नाही.

---

पिक्चरट्यूब | १२:२२

नीलांबरीताई, तुमचं नेमकं उलटं आहे. तुमचा टीव्ही काही कापत नाही, लॅपटॉपच चित्र लहान करून पाठवतोय. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर HDMI Scaling नावाची सरकपट्टी असते. ती शून्यावर आणा. जुन्या ड्रायव्हरांत ती आपोआपच लहान करून ठेवलेली असायची.

---

गौरव_पिंपरी | १२:५०

मग सायलीताईंनाही तीच युक्ती चालेल की. टीव्ही जेवढं कापतो तेवढं कॉम्प्युटरनं आधीच लहान करायचं. एनव्हिडियात Adjust desktop size and position मध्ये Size नावाच्या टॅबवर Enable desktop resizing आहे. इंटेल आणि एएमडीतही असंच काहीतरी मिळतं. पाच मिनिटांचं काम. टीव्हीचे मेनू धुंडाळत कशाला बसायचं?

---

पिक्चरट्यूब | दु. १:३५

गौरव, कडा दिसतील हे खरं. पण अक्षरांचं काय होतं ते बघा. कॉम्प्युटर डेस्कटॉप छोट्या मापात बसवून भोवती काळं भरणार, टीव्ही ते काळं कापून उरलेलं पुन्हा ताणणार. म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका आणि कॉम्प्युटरचा एक ठिपका यांचा मेळ बसतच नाही. सिनेमाला चालतं. बारीक आकड्यांना नाही चालत, आणि इथे माणसाला आकडेच वाचायचे आहेत. टीव्हीत पर्यायच नसेल तेव्हा ही युक्ती करावी, त्याआधी नको.

---

सायली_कु | दु. ३:१०

काका, पेंटमध्ये अख्खं चित्र आलं, टास्कबार आणि फुलीसकट. म्हणजे टीव्हीच कापतोय.

रिमोटवरच्या होमच्या बटणानं सेटिंगमध्ये गेले, तिथे चित्राखाली ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट वगैरेच आहे. Zoom Mode दिसलं, त्यात Auto, 16:9, 4:3, Zoom1, Zoom2 एवढंच. आत्ता Auto वर आहे. 16:9 करून पाहिलं, काहीच फरक नाही.

---

पिक्चरट्यूब | दु. ३:४८

हे बऱ्याच जणांचं होतं. 16:9 म्हणजे फक्त लांबी-रुंदीचं प्रमाण, त्यात कापणं चालूच राहतं.

होममधून जाऊ नका. आधी टीव्ही एचडीएमआयवर आणा, कॉम्प्युटरचं चित्र समोर दिसत असू द्या, आणि मग रिमोटवरचं मेनूचं किंवा झूमचं बटण दाबा. पुष्कळ सेटांत हवा तो पर्याय एचडीएमआयचं चित्र चालू असतानाच यादीत येतो. तुमच्यासारख्या यादीत त्याचं नाव Dot by Dot, Point to Point किंवा Just Scan असं काहीतरी असतं.

त्याआधी एक माप घेऊन ठेवा, म्हणजे नंतर शंका राहणार नाही. पेंटमध्ये 1920 × 1080 चं कोरं चित्र घ्या. अगदी कडेला चारही बाजूंनी एक ठिपका जाडीची लाल रेघ ओढा. तिच्या आत कडेपासून दर १० ठिपक्यांवर एकेक रेघ, ६० पर्यंत, आणि शेजारी आकडा. मध्ये कुठेतरी एक ठिपका काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचा छोटा चौकोन करा. F11 दाबून पडदाभर उघडा आणि पहिली कुठली रेघ दिसते ते सांगा.

---

केदार_न्यूजर्सी | संध्या. ५:०२

इतर कोणी शोधत आलं तर कंपन्यांची नावं देऊन ठेवतो, सगळ्यांची वेगवेगळी आहेत. सॅमसंगच्या जुन्या सेटांत Picture Size मध्ये Screen Fit, नव्यांत Fit to Screen. एलजीत Just Scan. सोनीत Display Area मध्ये Full Pixel. पॅनासोनिकमध्ये 16:9 Overscan बंद करायचं. फिलिप्समध्ये Unscaled.

सॅमसंग आणि एलजीत आणखी एक गोष्ट करता येते. त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून PC ठेवायचं. मग टीव्ही त्या इनपुटला कॉम्प्युटर समजून वागतो आणि रंगीत अक्षरंही स्वच्छ होतात. माझ्याकडे निळ्यावर लाल अक्षरांचे काठ पुसट दिसत होते, ते यानं गेले.

---

सायली_कु | रवि., सकाळी ९:२०

काल रात्री चित्र केलं. डावीकडे पहिली दिसलेली रेघ ५० ची, ४० ची नाही. उजवीकडेही ५०. वर आणि खाली पहिली ३० ची. काळ्या-पांढऱ्या रेघांच्या चौकोनात एकसारख्या रेघा दिसायच्या ऐवजी करड्या लाटा दिसताहेत, मध्येच गडद, मध्येच फिकट.

---

पिक्चरट्यूब | सकाळी १०:०५

छान केलंत. आता हिशेब जुळतो. डाव्या-उजव्या बाजूला ४० ते ५० च्या मध्ये कुठेतरी कापलं जातंय, वर-खाली २० ते ३० च्या मध्ये. सर्रास आढळणारं प्रमाण प्रत्येक बाजूला अडीच टक्के असतं: १९२० चे अडीच टक्के ४८ आणि १०८० चे २७. दोन्ही तुमच्या रेघांत बसतात. म्हणजे तुम्हाला १८२४ × १०२६ एवढंच चित्र दिसतंय आणि टीव्ही तेच ताणून १९२० × १०८० करतोय.

तुमच्या तक्रारीही यात बसतात. विंडोज १० चा टास्कबार ४० ठिपके उंच, त्यातले २७ गेले, उरली १३ ची पट्टी. फुलीचं बटण साधारण ४६ रुंद असतं आणि उजवीकडून ४८ जातात, म्हणून ती मुळीच दिसत नाही. करड्या लाटा ताणण्यामुळे येतात. १८२४ ठिपके १९२० जागांत पसरवायचे तर काही ठिपके शेजाऱ्यात मिसळतातच.

---

सायली_कु | सकाळी ११:३०

सापडलं! एचडीएमआयवर असताना मेनू दाबला, त्याच Zoom Mode च्या यादीत शेवटी Dot by Dot आलं. निवडल्याबरोबर चित्र किंचित आक्रसलं आणि चारही बाजूंची लाल रेघ चौकटीला चिकटून दिसायला लागली. चौकोनातल्या रेघा आता वेगवेगळ्या मोजता येतात, लाटा गेल्या. एक्सेलचे ओळींचे क्रमांक आले. बाबा खूश आहेत!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, अक्षरांभोवती पांढरी झालर दिसते. दोन, बाबा म्हणतात अक्षरं आधीपेक्षा बारीक झाली. तसं खरंच होतं का?

---

पिक्चरट्यूब | दु. १२:१५

बाबांची नजर बरोबर आहे. आधी टीव्ही सगळं पाच टक्क्यांच्या आसपास मोठं करून दाखवत होता, ते थांबलं. आता विंडोजमध्ये Display सेटिंगात जाऊन Scale 125% करा. इथे फरक असा की विंडोज अक्षरं नव्यानं मोठी काढतं, त्यामुळे ती मोठीही होतात आणि धारदारही राहतात. टीव्ही मात्र आधीच काढलेली अक्षरं ताणत होता. पडद्याचं रिझोल्यूशन 1920 × 1080 च ठेवा.

झालर शार्पनेसमुळे आहे. टीव्हीचा शार्पनेस कमी करत न्या, पांढरा काठ जाईल तिथे थांबा. बऱ्याच सेटांत तो शून्यावर किंवा शून्याजवळ येतो. काहींत शून्याला उलट पुसट होतं, तेव्हा डोळ्यांनीच ठरवा.

---

अभि_सांगली | दु. १:००

पण मग माझ्याकडे 1360 × 768 ला एवढं स्वच्छ कसं दिसतं? आणि ताईंकडेही त्यानं कडा आल्याच होत्या. म्हणजे रिझोल्यूशनचा संबंध आहेच.

---

पिक्चरट्यूब | दु. २:२५

आहे, आणि तुमच्या निरीक्षणात दम आहे. कारण मात्र वेगळं.

1920 × 1080, ६० हर्ट्झ हे टीव्हीच्या दुनियेतलं माप आहे. सेट-टॉप बॉक्स, प्लेयर सगळे त्या मापात पाठवू शकतात. तेच माप कॉम्प्युटरकडून आलं तरी टीव्ही त्याला कार्यक्रम समजतो आणि सवयीनं कडा छाटतो. 1360 × 768 हे माप टीव्हीच्या कार्यक्रमांत कुठेच येत नाही, ते फक्त कॉम्प्युटर पाठवतो. ते दिसलं की टीव्ही ओळखतो की हा कॉम्प्युटर आहे, आणि कापत नाही. म्हणून तुमच्या दोघांकडे कडा आल्या.

आता स्वच्छतेचं. तुमचा ३२ इंची एचडी रेडी असणार. त्याच्या पडद्यावर मुळातच १३६६ × ७६८ ठिपके असतात. १३६० पाठवले तर ते जवळपास जसेच्या तसे बसतात, फार तर दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके रिकामे राहतात. तुमच्यासाठी हेच माप योग्य आहे, बदलू नका. ताईंचा पडदा १९२० चा, तिथे १३६० ताणले की ३ आणि ८ सारखे दिसणारच.

---

अभि_सांगली | दु. २:४०

हो, एचडी रेडीच आहे. खोक्यावर मात्र 1080p लिहिलं होतं.

---

पिक्चरट्यूब | दु. २:५२

ते 1080p चं चित्र स्वीकारतो या अर्थानं. दाखवताना ते ७६८ ओळींत दाबूनच दाखवतो. एचडी रेडी सेटात ओव्हरस्कॅन बंद केलं तरी 1080p वर बारीक अक्षरं कधीच पूर्ण स्वच्छ होणार नाहीत. ती त्या पडद्याची मर्यादा आहे.

---

वैशाली_म | रात्री ८:१५

आमच्या वाचनालयात अभ्यासिकेच्या भिंतीवर टीव्ही आहे, रिमोट केव्हाच हरवलाय. सेटच्या मागे फक्त चालू-बंद, आवाज आणि इनपुट एवढीच बटणं. खाली लिनक्सचा कॉम्प्युटर आहे, एएमडीचा. कडा कापल्या जातात. मुलं सूचना वाचतात तेव्हा शेवटची ओळ जाते. रिमोटशिवाय काही होईल का?

---

गौरव_पिंपरी | रात्री ८:४४

ताई, इथे कॉम्प्युटरकडूनच करायला हवं. माझ्याकडे जुन्या रेडिऑनवर हे चाललं:

```
xrandr --output HDMI-1 --set underscan on
xrandr --output HDMI-1 --set "underscan hborder" 48
xrandr --output HDMI-1 --set "underscan vborder" 27
```

HDMI-1 च्या जागी तुमच्याकडे वेगळं नाव असू शकतं, नुसतं xrandr दिलं की कळेल. वेलँडवर हे चालत नाही, लॉगिन करताना एक्स-ऑर्ग निवडा. ४८ आणि २७ हे आकडे सायलीताईंच्या टीव्हीचे, तुमच्यासाठी रेघांचं चित्र करून मोजा. रीस्टार्टनंतर हे जातं, म्हणून लॉगिनला आपोआप चालेल असं ठेवा.

---

पिक्चरट्यूब | रात्री ९:१०

गौरवचं इथे बरोबर आहे, भिंतीवरच्या सूचनांना एवढं पुरेल. तरी त्या मॉडेलचा साधा रिमोट दुकानात मिळतो का बघा. इन्फ्रारेड असलेला फोन असेल तर त्यातल्या रिमोटच्या ॲपनंही मेनू उघडतो. टीव्हीत एकदा बदलून ठेवलं की कॉम्प्युटरकडची कसरत संपली.

सर्व्हिस मेनूत शिरायचे आकडे नेटवर फिरत असतात, कोणी सुचवले तरी तिकडे जाऊ नका. तिथे पॅनेलची निवड चुकून बदलली तर चित्रच येत नाही. असे सेट माझ्याकडे दुरुस्तीला आले आहेत.

---

मिलिंद_ठाणे | रात्री १०:०२

सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटलाही Dot by Dot ठेवायचं का? पूर्ण चित्र मिळत असेल तर कापून का घ्यायचं?

---

पिक्चरट्यूब | रात्री १०:२०

ठेवून बघा, एचडी वाहिन्यांना काही बिघडत नाही. काही जुन्या एसडी वाहिन्यांवर मात्र अगदी वरच्या कडेला पांढरे लुकलुकणारे ठिपके दिसतील. चित्राबरोबर पाठवलेली माहिती तिथे असते, पूर्वी ती चौकटीमागे जायची. ते खुपलं तर त्या इनपुटला परत 16:9 करा. बहुतेक सेट प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात.

---

सायली_कु | मंगळ., संध्या. ६:४०

125% केलं, शार्पनेस कमी केला, झालर गेली. बाबा आता चष्म्याशिवायही बेरजा वाचतात.

एक मात्र राहिलंय. वीज गेली आणि परत आली, कॉम्प्युटरआधी टीव्ही चालू झाला, की Zoom Mode पुन्हा Auto वर गेलेलं असतं. दर वेळी असं होत नाही, पण होतं. दुसऱ्या एचडीएमआयला लावलं तेव्हाही ते नव्यानं करावं लागलं होतं.

---

पिक्चरट्यूब | संध्या. ७:१५

दुसऱ्या एचडीएमआयचं स्वाभाविक आहे, सेटिंग इनपुटपुरतंच असतं. काही सेट त्याहून पुढे जाऊन सिग्नलच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळं लक्षात ठेवतात. विंडोजमध्ये Advanced display settings मध्ये रिफ्रेश रेट बघा. तिथे 59 आणि 60 दोन्ही असतील, तर सुरुवातीला एक आणि नंतर दुसरा लागत असण्याची शक्यता आहे. 60 हर्ट्झ निवडून ठेवा आणि त्यावरच Dot by Dot करा.

---

सायली_कु | बुध., रात्री ९:३०

59 वर होता. 60 केला, Dot by Dot पुन्हा निवडलं. आज दुपारी वीज गेली होती, टीव्ही आधी चालू झाला आणि तरी सेटिंग टिकलं. संध्याकाळी मात्र कॉम्प्युटर झोपेतून उठला तेव्हा परत Auto. तूर्त बाबांना झूमचं बटण कितीदा दाबायचं ते कागदावर लिहून दिलंय. झोपेतून उठण्याचं कारण कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

केदार_न्यूजर्सी | रात्री ११:४८

माझ्याकडे इनपुटचं नाव PC केल्यावर ते थांबलं होतं. तुमच्या सेटात इनपुटला नाव देता येतं का, सोर्सच्या यादीत बघा. नसेल तर विंडोजच्या Power & sleep मध्ये स्लीप Never ठेवा आणि फक्त पडदा बंद होऊ द्या. मग निदान कळेल की गडबड झोपेमुळे आहे की सिग्नल तुटल्यामुळे.